पाण्याची वाट

“हे लोक घर घेताहेत की मुलगी बघताहेत?” बाथरूमच्या दाराआड बिल्डरचा सुपरवायझर धर्मेंद्रभाई मिस्त्रीच्या कानात पुटपुटला. मला ऐकू आलं, पण मी लिहीत राहिले.

भाड्याच्या खोलीत वर्षं काढल्यावर सुरतच्या उधन्यातला आमचा हा पहिलाच फ्लॅट. अखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. आमची सोनाली यंदा इथेच येणार, असं आम्ही तिच्या सासरी कळवूनही बसलो होतो.

चावी घेण्याआधी राहिलेली कामं टिपायला मी खोलीवार कागद केले होते, प्रत्येकावर तीन रकाने: चावीआधी, राहायला आल्यावर आणि चालेल. हॉलची खिडकी लागत नाही, ती चावीआधी, आठवड्याच्या आत. ओट्याची चीर राहायला आल्यावर, पंधरवड्यात. रंगाचे ओघळ चालेल.

“बाथरूमचा उतार चालेलमध्ये टाक,” हे म्हणाले. “पुसून घेत जाऊ.”

मी बादली ओतली. पाण्याने जाळीकडे पाठ फिरवली आणि ते ऐटीत हॉलकडे निघालं, थेट ह्यांच्या चपलांपर्यंत.

“थई जशे, लीलाबेन, होऊन जाईल,” धर्मेंद्रभाई म्हणाला.

“थई जशे ही तारीख कुठल्या कॅलेंडरात असते? लादी फोडायची, उतार नव्याने धरायचा, पाणी तुंबवून गळती बघायची. कधी होणार?”

तो मिस्त्रीकडे बघू लागला, मिस्त्री छताकडे. मी पेन टेकवून थांबले.

ह्यांनी ओल्या चपला काढून भिंतीशी उभ्या केल्या.

“चावीआधी लिही,” हे म्हणाले. “चावी उशिरा मिळू दे. अखाजीला सोनाली जुन्या खोलीतच येईल.”