उत्तर येईपर्यंत गाडी वर

मानवाने पृथ्वीवर राज्य केले ते बळावर नव्हे, नियोजनावर. हे मत सेवानिवृत्त भूगोलशिक्षक, म्हणजे आपले मास्तर, सकाळी साडेनऊला सर्व्हिस सेंटरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शेजारच्या माणसाला ऐकवत होते. तो माणूस झोपला होता.

नियोजन असे होते. आठ वाजता बायकोला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डोळ्यांच्या दवाखान्यात सोडायचे आणि नऊला गाडी सर्व्हिसिंगला द्यायची. चार वाजता दोन्ही तयार. गाडी बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, नावावर होती, त्यामुळे आदल्या संध्याकाळचा मेसेजही त्यांच्याच मोबाईलवर आला होता. बाईंनी तो मोठ्याने वाचला होता :

"गाडी सकाळी ९ वाजता आणावी. अंदाजे ४ वाजता मिळेल. जादा काम निघाल्यास याच क्रमांकावर मेसेज येईल. 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर द्यावे. उत्तर येईपर्यंत काम थांबेल."

"ऐकलंत ना नीट?" बाईंनी विचारले होते.

"मी चाळीस वर्षं मुलांना ऐकवलंय," मास्तर म्हणाले होते. हे अर्थात उत्तर नव्हते.

सकाळी ऑपरेशनला आत जाताना बाईंनी मोबाईल मास्तरांच्या हातात दिला. "सांभाळा. हरवू नका." हरवू नये म्हणून मास्तरांनी तो गाडीच्या पुढच्या खणात ठेवला. सर्व्हिस सेंटरमध्ये गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुलीने विचारले, "काका, गाडीत काही मौल्यवान वस्तू?" मास्तर "काही नाही" म्हणाले. तिने ते कागदावर लिहिले आणि मास्तरांनी त्याखाली सही केली.

अकरा वाजता ती मुलगी आली. "काका, पुढचे ब्रेक पॅड पार झिजलेत. बदलावे लागतील. मेसेज पाठवलाय, तेवढं 'हो' करा."

काचेपलीकडे लिफ्टवर, डोक्याच्याही वर, चाके काढलेली गाडी लटकत होती. तिच्या पोटातून बारीक आवाज आला. टिंग.

"हो," मास्तर म्हणाले.

"तोंडी नाही चालत."

"मग लिहून देतो."

"मेसेजवरच. नाहीतर गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी इथे येऊन सही करायची."

"अगं, नवरा आहे मी त्यांचा!"

"काका, सगळेच कोणाचे तरी असतात."

"बायकोच्या डोळ्यात कुठली लेन्स घालायची, तिथे सकाळी माझी सही चालली! आणि ब्रेकला चालत नाही?"

"दवाखान्याचं मला माहीत नाही."

मग मोबाईल काढून द्या, असे मास्तर म्हणाले. मुलीने कागद उलटून त्यांची सही दाखवली. मौल्यवान वस्तू : नाही. "ते असू दे, काका. पण गाडी लिफ्टवर असताना आत हात घालायचा नाही, हा नियम आहे. खाली घेतल्यावर देते."

"मग घे ना खाली."

"चाकं लावल्याशिवाय नाही घेता येत. चाकं लावायची तर ब्रेक बसवायला हवेत."

"जुनेच बसव. नको मला नवीन!"

"चालेल की. फक्त 'नाही' असा मेसेज करा."

नोंदवलेला क्रमांक बदलता येतो, असे कळल्यावर मास्तर उठून उभे राहिले. त्यासाठी ओटीपी लागतो, आणि तो जुन्या क्रमांकावर येतो, असे कळल्यावर बसले. वर पुन्हा टिंग झाले. आता दर अर्ध्या तासाला आठवणीचा मेसेज येणार होता. शेजारचा माणूस एव्हाना जागा झाला, आपली गाडी घेऊन गेला. दुसरा आला, तोही गेला. मास्तरांनी भिंतीवरचा टायरचा तक्ता पाठ केला.

साडेतीनला मास्तरांचा स्वतःचा मोबाईल वाजला; दवाखान्याच्या फोनवरून बाई बोलत होत्या. "झालं माझं. न्यायला माणूस आल्याशिवाय सोडत नाहीत. निघालात ना?"

"निघालोच."

"गाडी घेऊन?"

मास्तरांनी टायरच्या तक्त्याकडे पाहिले. "येतो," ते म्हणाले.

ते टॅक्सीने गेले. दवाखान्यात त्यांच्या सहीवर बायको लगेच मिळाली. डाव्या डोळ्यावर पट्टी होती. परतीच्या वाटेवर त्यांनी सगळे सांगितले.

"उद्या नऊला पट्टी काढायला यायचंय," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलंय, घरी जाऊन पडून राहा. आणि मी निघालेय कुठे?"

"सही करायला."

"बरं झालं, एकच डोळा केलाय."

सेंटरमध्ये मुलीने त्यांना खुर्ची दिली, ओळखपत्र पाहिले, कागद पुढे केला. बाईंनी कागद उघड्या डोळ्याजवळ नेऊन तळापर्यंत वाचला. 'मौल्यवान वस्तू : नाही' इथे जरा थांबल्या, वर पाहिले, सही केली.

"दीड तास लागेल, काकू."

मास्तर हळूच त्यांच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत बसले. काचेपलीकडे टिंग झाले. मास्तर जमिनीकडे पाहू लागले. आता बोलणी बसणार, ती चाळीस वर्षांची एकदम बसणार, हे त्यांना ठाऊक होते.

"अहो," बाई म्हणाल्या.

"बोल."

"जरा इकडे डावीकडे बसता का? पट्टीच्या बाजूला."