उपायासचं कार्ड

आरमोरीत देवाजी गुरुजींच्या घरी समोरच्या खोलीत पुस्तकांपेक्षा जास्त मान एका पेटीला होता. अयूब मिस्त्रीनं सागाच्या फळ्यांची करून दिलेली ती पेटी. आत तीन खण, आणि खणांत उभी लावलेली जाड कार्डं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी, एकोणऐंशीत, त्यांनी पाली सूत्रांच्या एका मोठ्या संग्रहाचं मराठी भाषांतर हाती घेतलं. चंद्रपूरच्या एका लहानशा मंडळानं ते पाच भागांत छापायचं कबूल केलं होतं. दहा-बारा वर्षांचं काम. पहिल्या भागात एखाद्या शब्दाला आपण काय म्हटलं ते चौथ्या भागापर्यंत डोक्यात राहणार नाही, हे गुरुजींना पहिल्याच महिन्यात कळलं. म्हणून त्यांनी पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायला घेतलं.

सत्यशीला ब्याऐंशीत सून होऊन त्या घरात आली. नागपूरला पाली घेऊन एम. ए. झालेली आणि गावातल्या मुलींच्या शाळेत नोकरीला लागलेली. आल्याच्या आठवड्यातच सासऱ्यांनी तिला 'वेदना'चं कार्ड काढून दाखवलं. वर शब्द, त्याखाली धातू: विद्, म्हणजे जाणणं, अनुभवणं. मग अर्थ, आणि प्रत्येक अर्थापुढे तो कुठल्या पानावर, कुठल्या ओळीत आला ते. पालीतली वेदना सुखाचीही असते, दुःखाचीही आणि दोन्ही नसलेलीही. मराठीत वेदना म्हटलं की दुखणंच. तोच शब्द ठेवला असता तर वाचणारा 'सुखाची वेदना' वाचून अडखळला असता. म्हणून खाली लाल शाईनं ठरलेला पर्याय: अनुभूती.

गुरुजींनी तिला नियमही सांगितले. एका पाली शब्दाला होईल तिथवर एकच मराठी शब्द. दोन पाली शब्दांना एकच मराठी शब्द कधीच द्यायचा नाही. आणि नाकारलेला पर्याय खोडून काढायचा नाही. कार्डाच्या मागं लिहायचा, कोणी सुचवला ते लिहायचं, त्यावर एक रेघ मारायची आणि का नाकारला ते पुढं मांडायचं, म्हणजे पाच वर्षांनी तोच वाद पुन्हा होणार नाही. निर्णय बदललाच तर खाली तारीख घालून सही करायची आणि नोंदलेल्या प्रत्येक जागी जाऊन शब्द बदलायचा.

तेव्हापासून पेटी सत्यशीलेकडं आली. गुरुजी कच्चं भाषांतर करत, ती कार्डांशी ताडून पक्की प्रत लिही.

तिचा नवरा खुशाल भामरागडच्या पलीकडं एका आश्रमशाळेत मास्तर होता. दिवाळीत आणि उन्हाळ्यात घरी येई, मधल्या काळात जमलं तर दोन दिवस. आला की तोही पेटीशी बसायचा. पाली त्याला येत नव्हती, पण मराठी शब्द सुचवायची हौस भारी. धानाच्या बांधीतले, चुलीजवळचे, बाजारातले शब्द. गुरुजी ते ऐकून घेत आणि बहुतेक नाकारत. खुशालला त्याचं काही वाटत नसावं, असं सत्यशीलेला वाटायचं. तो हसून चहा मागायचा.

पंच्याऐंशीच्या श्रावणात तो गेला. ताप डोक्यात चढला. पर्लकोटा नदीला पूर होता, पलीकडचा रस्ता बंद, पाण्यात डोंगा घालायची सोय नव्हती. शाळेतल्या मास्तरांनी आणि गावातल्या लोकांनी तिथंच सगळं उरकलं. आरमोरीला निरोप पोचला तो नवव्या दिवशी. पाणी उतरल्यावर जंगू नावाचा शाळेचा शिपाई एका पिशवीत त्याचे कपडे, घड्याळ आणि दोन वह्या घेऊन आला. घरातल्या कोणीही खुशालचा चेहरा शेवटचा पाहिला नाही.

केसरबाईंनी, खुशालच्या आईनं, पहिले पंधरा दिवस घर डोक्यावर घेतलं. मग त्या गप्प झाल्या. गुरुजी रडले नाहीत. विहारात लोक जमले तेव्हा वंदना त्यांनीच म्हटली. सत्यशीला महिन्याभरानं शाळेत जायला लागली, कारण घरात दुपार काढणं तिला जमेना.

दिवाळीनंतर गुरुजी पुन्हा लिहायला बसले. तिला बरं वाटलं. हातात काम असलं की माणूस उभा राहतो, असं तिला वाटलं. आठ दिवसांनी तिनं त्यांची पानं पक्की करायला घेतली आणि दुसऱ्याच पानावर थांबली.

त्या संग्रहात जन्म-मरणाच्या साखळीचा भाग वारंवार येतो आणि दर वेळी शेवटाला पाच शब्द एकामागून एक येतात. माणसाच्या दुःखाचे पाच प्रकार. त्या पाचांसाठी गुरुजींनी एक आख्खा उन्हाळा घातला होता. सोक, त्याला शोक. परिदेव, म्हणजे मोठ्यानं रडणं, त्याला विलाप. दुक्ख हे एरवी दुःखच, पण या पाचांत ते शरीराचं, म्हणून इथं पीडा. दोमनस्स मनाचं, त्याला मनस्ताप. आणि पाचवा उपायास, त्याला नैराश्य. गुरुजींच्या नव्या पानावर या पाचही ठिकाणी एकच शब्द होता. दुःख, दुःख, दुःख, दुःख आणि दुःख. तिनं पुढचं पान पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. सगळीकडं तेच.

ती पानं घेऊन त्यांच्यासमोर बसली. काही बोलायच्या आधी पाची कार्डं काढून ओळीनं मांडली. गुरुजींनी चष्मा लावला, कार्डं वाचली, आपली पानं वाचली. चूक त्यांच्या ध्यानात आली हे तिला दिसलं. पण त्यांनी पेन उचललं नाही.

"मले फरकच दिसत नाई आता, पोरी," ते म्हणाले. "आधी दिसत होता. आता पाचही एकच वाटून राह्यले."

तिनं पानं गोळा केली आणि मी दुरुस्त करते, मामाजी, एवढंच म्हटलं. ती आत गेली. आपल्याला पाचांतला फरक कळतो का, हे तिलाही सांगता आलं नसतं.

चुलीशी केसरबाई बसल्या होत्या. विस्तव विझला होता, भात कधीचा शिजला होता, तरी त्या उठल्या नव्हत्या. सत्यशीलेनं त्यांना जेवायला चला म्हटलं. त्यांनी मान हलवली. ती शेजारी बसली. त्या आपण होऊनच बोलल्या. रडायला बसावं म्हटलं तर रडू येत नाही, खावं तर घास उतरत नाही, उठावं तर अंगात काही उरलेलं नाही, असं सांगत राहिल्या. मग म्हणाल्या, "जीव आटला माहा, बाई. आता काई नाई त्याच्यात."

सत्यशीलेनं त्यांचा हात हातात घेतला. पण डोक्यात 'आटला' हा शब्द अडकून राहिला, आणि त्याची तिला तिथल्या तिथं लाज वाटली. उपायासचा धातू यस्, श्रमणं, शिणून जाणं. सायास आणि अनायास हे त्याचेच भाऊबंद. जुन्या टीकाकारांनी म्हटलं होतं की भांड्यातलं उतू जायचं ते उतू गेल्यावर जे मागं राहतं आणि आतल्या आत सुकत जातं, तो उपायास. नैराश्यात यातलं काहीच नव्हतं. नैराश्य निकाल ऐकून आलेल्या पोरालाही येतं. रक्त आटवणं म्हणजे श्रमणं, आणि दूध आटतं ते भांड्यातच. पालीत जे होतं ते सगळं सासूबाईंच्या त्या एका शब्दात होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं नवा पर्याय नोंदवायला उपायासचं कार्ड काढलं आणि पहिल्यांदाच उलटलं. ते तिच्या लग्नाच्या आधीचं होतं. शब्द ठरलेला असल्यानं मागची बाजू पाहायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. मागं तीन नाकारलेले पर्याय होते. हताशा, गुरुजींच्या अक्षरात. खिन्नता, त्यांच्याच. तिसरा निळ्या बॉलपेननं, उजवीकडं कललेल्या अक्षरात.

जीव आटणे. खुशाल. आई म्हणते. मे ८०.

त्यावरून लाल रेघ गेली होती. पुढं गुरुजींचा शेरा: बोलीतला. ग्रंथाला शोभत नाही.

भामरागडहून आलेल्या दोन वह्या उघडायची तिची अजून हिंमत झाली नव्हती. त्याचं अक्षर तिच्यासमोर आलं ते असं.

कार्ड दाखवावं की नाही, यात तिचे दोन दिवस गेले. शेवटी तिनं दाखवलं, कारण न सांगता निर्णय बदलणं हे पेटीच्या नियमात बसत नव्हतं. आणि लपवून ती त्या घरात राहू शकली नसती. गुरुजींनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली. रेघेवरून अंगठा फिरवला. शाई पुसली जाईल अशा तऱ्हेनं नाही, नुसता फिरवला.

"बराबर होता त्याचा," ते म्हणाले.

केसरबाई दारात उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. काय झालं ते सत्यशीलेनं थोडक्यात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडं न पाहता म्हणाल्या, "मले सांगतलं होतं त्यानं तवाच. आई, तुहा शब्द बाबाले आवडला नाई. हसत होता."

गुरुजींनी मान खाली घातली. मग घराला माहीत नसलेला एक आवाज त्यांच्या तोंडून आला. श्रावणापासून थांबलेलं रडणं होतं ते. केसरबाई जागच्या हलल्या नाहीत. सत्यशीलेला वाटलं, त्यांनी जवळ जावं. पण तसं काही झालं नाही. थोड्या वेळानं त्या आत गेल्या आणि तांब्याभर पाणी आणून त्यांच्यासमोर ठेवलं.

निर्णय बदलला. गुरुजींनी तारीख घातली, सही केली, तिनंही केली. कार्डावर एकसष्ट जागा नोंदलेल्या होत्या. त्या जागा सत्यशीला दुरुस्त करणार होती, पण गुरुजींनी करू दिल्या नाहीत. पूर्ण थंडीभर ते सकाळी अंगणात उन्हाला बसत, एक जागा काढत, नैराश्य खोडत आणि वर बारीक अक्षरात नवा शब्द लिहीत. दिवसाला एक, कधी दोन. दुःख दुःख झालेल्या पानांवरही पाचही शब्द पुन्हा आपापल्या जागी आले. एकसष्टावी जागा झाली त्या दिवशी त्यांनी पेन टोपण लावून तिच्याकडं दिलं आणि पुढचं तू कर म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकही ओळ भाषांतरली नाही. ती अडली की सांगत, एरवी बसून राहत.

पहिला भाग अठ्ठ्याऐंशीत निघाला. मंडळाच्या गुणवंतरावांनी त्या एका शब्दाबद्दल दोनदा पत्र लिहून विचारलं, दोनदा सत्यशीलेनं धातू आणि अर्थ मांडून उत्तर दिलं, आणि शब्द राहिला. शेवटी सोळा पानांचा शब्दकोश होता: पाली शब्द, धातू, अर्थ, पर्याय. कोणी काय सुचवलं ते छापायला जागा नव्हती.

पुस्तक आलं तेव्हा केसरबाईंनी तो शब्द कुठी आहे ते विचारलं. सत्यशीलेनं पान उघडून बोट ठेवलं. त्यांनी त्यावरून आपलं बोट फिरवलं. मग त्याचं नाव कुठी आहे ते विचारलं.

"पुस्तकात नाई, आत्याबाई," ती म्हणाली. "कार्डावर आहे."

"मंग ते मले दे."

अजून चार भाग व्हायचे होते आणि कार्डाशिवाय काम चालणार नव्हतं. सत्यशीला पेटीजवळ बसली. एक कोरं कार्ड घेऊन तिनं सगळं उतरवलं. धातू, अर्थ, एकसष्ट जागा, हताशा, खिन्नता, आणि खुशालचं नाव, त्याच्या शब्दावरची रेघ, शेरा, दोन्ही तारखा. काही सोडलं नाही. मग जुनं कार्ड तिनं सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटं-सुलटं पाहिलं आणि खुशालचं अक्षर कोणतं ते विचारलं. तिनं दाखवलं. त्यांनी ते पदराखाली धरलं आणि आत नेलं.

नवं कार्ड सत्यशीलेनं पेटीत त्याच जागी लावलं. त्यावर सगळं बरोबर होतं. फक्त सगळी अक्षरं आता तिचीच होती.