फोन नको, मेल करा

व्हाइटफील्डच्या त्या ऑफिसात कुणी फोन कानाला लावून जिन्याकडे निघालं, की बाकीचे ओळखायचे, हा दुसरीकडे नोकरी बघतोय. जिना पार बदनाम झाला होता. म्हणून भरती एजन्सीच्या प्रीतमचा मेसेज आला, "मॅडम, टीम लीडची जागा आहे, पाच मिनिटं फोनवर बोलू या का?" तेव्हा नागश्रीला आधी आनंदाचं भरतं आलं आणि लगेच तिने मागे वळून पाहिलं. मागच्याच रांगेत तिचे मॅनेजर पूणच्चा सर बसले होते.

टीम लीड व्हायचं तिला वेड लागलं होतं म्हणा ना. बस कंडक्टरांच्या तिकीट मशीनचं सॉफ्टवेअर तपासणारी टीम तीच ओढत होती. पण पद मागितलं की सर तिला खाली टपरीवर न्यायचे, एक कॉफी दोघांत वाटून घ्यायचे आणि गोड आवाजात सांगायचे, "यंदा जागाच नाही, नागश्री. पुढच्या वर्षी नक्की." कॉफीबरोबर आश्वासनही संपायचं.

तिने प्रीतमला लिहिलं, "आठवणीने विचारलंत, आभारी आहे. ऑफिसच्या वेळेत फोनवर बोलणं मला जमत नाही. आपण मेलवरच पुढे जाऊ या का? कामाचं वर्णन आणि पगाराचा अंदाज पाठवलात तर आजच उत्तर देते."

शेजारच्या इम्तियाजने मान लांब करून वाचलं. "घालवलीस. या लोकांना रोज ठरलेले कॉल करावे लागतात. तो कशाला मेल लिहीत बसेल? लावला असेल पुढचा नंबर."

"लावू दे. फोनवर पहिला प्रश्न काय असतो माहितीये ना? आताचा पगार किती. आपण आकडा सांगितला की त्यावर चिमूटभर वाढवून आपल्यालाच उपकार म्हणून देतात."

प्रीतमचं उत्तर आलं: कंपनीचं नाव गुप्त आहे, लिहिता येणार नाही, फोनवरच बोलावं लागेल. नागश्रीने पुन्हा नम्रपणे लिहिलं की नाव नको, नुसतं काम कळलं तरी पुरे. मग सगळं शांत झालं. जेवणाच्या सुट्टीत दहीभात बाजूला ठेवून ती सारखा मेल उघडून बघत राहिली. कशाला शहाणपणा केला, असं तिला दहादा वाटून गेलं.

दुपारी मेल आला. तिने अधाशासारखा वाचला आणि शेवटच्या ओळीवर तिचे डोळे खिळले: "नवी आवृत्ती देण्याआधी कंडक्टरसोबत दिवसभर धावत्या बसमध्ये फिरून मशीन तपासण्याचा अनुभव आवश्यक."

ही पद्धत तिने स्वतः भांडून सुरू केली होती. अख्ख्या शहरात असं बसमधून धक्के खात फिरणारी दुसरी टीम तिच्या ऐकिवात नव्हती.

"अगं, ही तर आपलीच..." इम्तियाज म्हणाला.

"हळू बोल."

प्रीतमचा तरी काय दोष? नोकरीच्या साइटवर तिची आधीचीच कंपनी दिसत होती. माहिती बदलली की नाव यादीत वर येतं आणि आपल्याच एचआरच्या नजरेत भरतं, म्हणून तिने ती बदललीच नव्हती. आता तिने प्रीतमला कळवलं, की मी याच कंपनीत आहे. तो हादरलाच. "सॉरी मॅडम, क्लायंटची माणसं आम्हाला त्यांच्याचकडे पाठवता येत नाहीत. कृपया माझं नाव कुठे घेऊ नका."

ते ती घेणार नव्हतीच. तिला रागही आला होता आणि आनंदही झाला होता. जागा होती! तिने नवा मेल उघडला, पूणच्चा सरांना लिहिला, सोबत एचआरला प्रत दिली: "आपल्या टीमच्या टीम लीड पदासाठी मी अर्ज करत आहे." बसमधल्या कामाचा तपशील जोडला आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिला.

मागे खुर्ची करकरली. सर येऊन उभे राहिले. "हे मेलबिल कशाला? चल, खाली कॉफी घेऊ. बोलू."

नागश्रीने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "कॉफी घेऊ की, सर. पण याचं उत्तर मेलवरच द्या, प्लीज. एचआरला प्रत देऊन."

"जागा आहे असं तुला सांगितलं कुणी?"

"नाहीये, एवढंच लिहून पाठवा, सर. मी पुन्हा कधी विचारणार नाही."

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले. ती जागा एचआरनेच मंजूर केली होती, आता नाही म्हणून लिहिणार कसं? सर खुर्चीवर परतले आणि बराच वेळ काहीतरी टाइप करत, खोडत राहिले. नागश्रीने मागे पाहिलं नाही.

मग उत्तर आलं. "पद रिकामं आहे. तुझा अर्ज मिळाला. गुरुवारी मुलाखत."

तिला उठून नाचावंसं वाटत होतं. तिने "आभारी आहे, सर" एवढंच लिहिलं, एचआरला प्रत दिली आणि पाठवून दिलं.