खांद्यावरचा हात

स्टुडिओत सगळे तिला कातर म्हणत. दिवसभर फोटोतली माणसं कापायची म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार?

त्या आठवड्यात मास्तर आले. निवृत्त गणिताचे, सदुसष्टीला टेकलेले, बोलणं मोजूनमापून. वडिलांच्या जन्मशताब्दीला नातेवाइकांना दाखवायची फिल्म हवी होती. फोटो एकच आणला होता, काळापांढरा. पुढे सात वर्षांचे मास्तर, त्यांच्या लगत जरा मागे वडील, आणि वडिलांच्या मागे त्यांची दुसरी बायको. मास्तर तिला बाई म्हणत. तिचं नाव निघालं की त्यांचा आवाज कोरडा पडायचा.

"बाबांनी आयुष्यात मला जवळ घेतलं नाही," मास्तर सरळ म्हणाले. "पण हे बघा. खांद्यावर हात आहे. तेवढाच पुरावा. फोटो हलला पाहिजे, म्हणजे लोकांना तो हात दिसेल."

फोटो हलवायचा म्हणजे जादू नव्हे, निव्वळ हमाली. मुलगा कापून एका थरावर, वडील दुसऱ्यावर, बाई तिसऱ्यावर, विटांची भिंत शेवटी. माणूस उचलला की मागे भोक पडतं. ते शेजारच्या विटा उचलून बुजवायचं. मग थर एकामागे एक अंतरावर उभे करायचे आणि कॅमेरा हळूच बाजूला सरकवायचा. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि डोळा फसतो. फार सरकवलं तर पितळ उघडं पडतं.

कातरने हात वडिलांच्या थरावर ठेवला आणि चालवून पाहिलं. बोटं खांद्यावरून घसरली, बर्फावरून पाय घसरावा तशी. चूक तिचीच. जे एकमेकांना टेकलंय ते एकाच अंतरावर हवं, हे तिला नव्याने शिकवायची गरज नव्हती. तिने हात मुलाच्या खांद्याला जोडला. आता त्याचं मनगट वडिलांच्या बाहीशी नीट जुळवायचं राहिलं.

बाही मात्र सापडेना. वडिलांच्या एका हातात टोपी होती. दुसरा मुलाच्या पाठीमागे गेलेला. मुलाच्या कोपराच्या बेचक्यात काळी सावली होती. तिथली कड कापायची म्हणून तिने सावली उजळली. आत कठडा निघाला, आणि कठड्यावर वडिलांची पट्ट्यापट्ट्यांची बाही, मूठ आवळलेली.

कातर मागे टेकून बसली. खांद्यावरच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा होता, दोऱ्याएवढा, बायकी. हात बाईंचा होता. वडिलांच्या पाठीमागून आलेला.

तिला मास्तरांची कीव आली आणि रागही आला, कशाचा ते नीट कळेना. ती मूठ पुसणं सोपं होतं. नाहीतरी त्या बेचक्यात अर्ध्या विटा तिनेच रंगवायच्या होत्या. दोन फटकाऱ्यांत काम फत्ते, कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने ब्रश हातात घेतलाही. मग स्वतःशीच म्हणाली, छे, विटा खोट्या रंगवणं वेगळं आणि हे वेगळं. तिने मास्तरांना बोलावलं.

मास्तरांनी तीनदा पाहिलं. कॅमेरा सरके, बेचकं उघडे, मूठ दिसे.

"मग हा हात कुणाचा?"

कातरने तो हात तेवढा सुटा ठेवून मुलाचा थर बंद केला, वडिलांचा बंद केला. भिंतीपुढे बाई उरल्या आणि पलीकडे तो हात, मध्ये काहीच नाही.

"मधला भाग?"

"फोटोत नाही. वडिलांच्या मागे झाकलेला. पण खांदा आणि मनगट बघा, एका रेषेत आहेत."

मास्तरांनी पडद्यावर बोट टेकवून रेष मोजली. ती बरोबर होती. साठ वर्षं सांभाळलेली मिळकत दुसऱ्याच्या नावावर निघावी, तसा त्यांचा चेहरा झाला. खिशातून फोन काढून त्यांनी नंबर लावला. बाईंना ऐकू कमी येई आणि त्या मोठ्याने बोलत, त्यामुळे पलीकडचं सगळं खोलीत ऐकू आलं.

"बाई, मी बोलतोय. कठड्याजवळचा फोटो आठवतो का तुम्हाला? माझ्या खांद्यावर हात कुणाचा होता?"

"माझा. का रे?"

"मला बाबांचा वाटला."

"तुला तसंच वाटावं म्हणून मागून ठेवला होता. माझा आहे कळलं असतं तर झटकला असतास."

कातरने नजर कीबोर्डवर वळवली.

"नसता झटकला," मास्तर म्हणाले.

हे खोटं होतं, आणि पलीकडच्या म्हातारीलाही ते ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "बरं. असेल तसं," आणि फोन ठेवायचं दोघांपैकी कुणीच नाव घेईना.