बाजूचा उजेड

विजय नगरच्या नव्या क्लिनिकचं नाव निघालं की तुकोगंजमधल्या त्वचारोगतज्ज्ञ अरुंधती किबे यांच्या पोटात दुखे. आज त्यांची जुनी पेशंट सुरभी तिथलीच जाहिरात मोबाईलवर घेऊन आली.

"मॅडम, मुरुमांचे खड्डे एकदम साफ! मी तिकडेच जाऊ का?"

अरुंधतींनी फोटो मोठा केला. "आधीच्या फोटोत उजेड बाजूने आहे, म्हणून खड्ड्याखड्ड्यात सावली पडलीय. नंतरच्यात तो समोरून आहे, शिवाय हनुवटी वर केलीय. आणि गालावरचा तीळ कुठे गेला? खड्ड्यांच्या इलाजाने तीळ जात नाही. फोटोच पुसलाय."

"अरे भिया, पूरा खेल फोटो का!" सुरभी हसली. मग तिची नजर भिंतीवरच्या, इलाजाआधीच्या आणि नंतरच्या जोडफोटोकडे गेली. "पण मॅडम, तुमच्या या पेशंटवरही आधी उजेड बाजूने आहे, नंतर समोरून."

तो जोडफोटो अरुंधतींनी मागे विजय नगरच्या क्लिनिकची अशीच एक जाहिरात पाहिल्यावरच लावला होता. त्या उठल्या आणि तो उतरवला.

"तुझा फोटो आज काढू. सहा महिन्यांनी पुन्हा याच खुर्चीत, याच उजेडात."

"आणि फरक कमी दिसला तर?"

"तर कमी दिसेल."

सुरभीने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि खुर्चीत बसली.