पुजलेले दहा बुश

वार्षिक मोजणी उरकली आणि दीक्षाच्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो काही केल्या उतरेना. मोजणी म्हणजे तशी साधी गोष्ट. कंप्युटर म्हणतो स्टोअरमध्ये इतके नग आहेत, माणसं रॅकसमोर उभी राहून मोजतात, आणि दोन्ही आकडे जुळले की सगळे चहा प्यायला मोकळे. पण चाकणच्या या कारखान्यात आकडे जुळले असते तर दीक्षाला नोकरीवर घेतलंच कशाला असतं? दिवाळीनंतर ती इथे लागली ती याच कामाला. जिथे जिथे फरक येईल तिथे कागदावर तो मांडायचा आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. रहाटणीच्या तिच्या आईला अजून कळलेलं नव्हतं की एवढं शिकून पोरगी नटबोल्टांमागे का धावते. दीक्षालाही अलीकडे ते नीटसं कळत नव्हतं.

कारणं तरी काय एकेक! लांब बोल्ट कमी पडले, आखूड बोल्ट तेवढेच जास्त निघाले, कारण माल मागायची चिठ्ठी एकाची होती आणि कुणीतरी हाताला लागले ते दुसरेच दिले होते. रबरी रिंगांची चार खोकी आली होती, ती कंप्युटरवर चार नग म्हणून चढली होती. त्यामुळे रिंगांचा डोंगर जास्त निघाला आणि ज्याने ती चढवली तो वर "मॅडम, जास्तच आहेत ना, मग प्रॉब्लेम काय?" असं विचारून गेला. क्लिपा गायब होत्या. दोन दिवस शोधल्यावर कळलं की त्या मुलामा द्यायला भोसरीला गेल्यात आणि त्यांचं चलान सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये मजेत पडलंय. वॉशर कमी होते ते लाइनवर वाकडे झाले म्हणून भंगारात टाकले होते, पण ते टाकल्याची नोंद करायला कुणाचा हात कसा चालेल? प्रत्येक वेळी दीक्षा कारण लिहायची, दात-ओठ खायची आणि पुढच्या ओळीवर जायची.

पुढची ओळ पितळी बुशांची होती आणि तिथे गाडी अडली. बुश म्हणजे बोटाच्या पेराएवढी पितळेची पोकळ नळी. कंप्युटर म्हणत होता पंधरा हजार आठशे. मोजणीत भरले पंधरा हजार तीनशे साठ. चारशे चाळीस बुश कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चिठ्ठ्या बरोबर, चलानं बरोबर, भंगाराची नोंदही बरोबर.

प्लँट मॅनेजर सिद्धेश सरांना मात्र पत्ता लगेच लागला. "पितळ आहे, दीक्षा. भंगारवाला लोखंडापेक्षा किती जास्त देतो माहिती आहे ना? आणि स्टोअरची चावी एकाच माणसाकडे असते."

तो एक माणूस म्हणजे गेनबाकाका. चाकणजवळच्याच गावचे, शेतकऱ्याच्या घरचे, पांढऱ्या मिश्यांचे, कारखाना उभा राहिला तेव्हापासून ठेकेदाराकडून स्टोअरवर लागलेले. परवाच गेटवर त्यांच्या स्कूटरची डिकी सगळ्यांसमोर उघडायला लावली होती. आत निघाली भाकरी, चटणी आणि औषधाची बाटली.

"उद्या ऑडिटर येतोय," सर म्हणाले. "कारणाच्या रकान्यात चोरी लिही. ठेकेदाराला मी सांगतो, उद्यापासून माणूस बदलून देईल."

"सर, पुरावा काय?"

"गेल्या वर्षीही याच आयटमला हेच झालं होतं. तेव्हाही चोरीच निघाली. माणूस काढला, विषय संपला. संध्याकाळपर्यंत दुसरं कारण सापडलं तर आण. नाहीतर सही कर."

दीक्षा तणतणत स्टोअरमध्ये आली. राग सरांचा होताच, पण खरं सांगायचं तर गेनबाकाकांचा जास्त होता. हा माणूस लाइन थांबेल म्हणून बिनचिठ्ठीचा माल द्यायचा, "मागनं चिठ्ठी देत्यात की" म्हणायचा, आणि आता गळ्याशी आलंय तर स्टुलावर बसून तंबाखू मळतोय!

"काका, तुमच्यावर चोरीचा आळ येतोय. काहीतरी बोला ना!"

"काय बोलू, ताई? गेल्या साली कोंडाजीबी बोलला व्हता. माझ्या हाताखाली व्हता, तळेगावचा. म्हनला, सायेब, फकस्त एकदा परत मोजा. हात जोडलं त्यानं. मोजलं का कुनी? काढलाच त्याला. मग म्या कशाला तोंड वाजवू?"

"तेव्हा तुम्ही त्याच्या बाजूनं बोललात?"

काकांनी तंबाखू तोंडात टाकली आणि पलीकडे बघितलं. 

दीक्षाने बाह्या सरसावल्या आणि बुशांचा एकेक क्रेट पुन्हा काट्यावर ठेवायला सुरुवात केली. बारीक माल कुणी हाताने मोजत नाही. नमुन्याचे दहा नग काट्यावर ठेवायचे, म्हणजे काट्याला एका नगाचं वजन समजतं. मग सगळा ढीग ठेवला की काटाच नग सांगतो. आकडे मोजणीतल्यासारखेच आले आणि तिचं तोंड आणखी कडू झालं. पण सहाव्या-सातव्या क्रेटला तिच्या लक्षात आलं की घट सगळीकडे आहे, आणि सारखी आहे. जिथे हजार हवेत तिथे चाळीस कमी, जिथे पाचशे हवेत तिथे वीस कमी. असला कसला चोर, जो प्रत्येक क्रेटमधून टक्केवारीने माल काढतो?

मग तिने सप्लायरचं सीलबंद खोकं उतरवलं. वर छापलं होतं पाचशे नग. सील तिने स्वतः कापलं. काटा म्हणाला चारशे ऐंशी.

"सापडला!" ती ओरडली आणि तिथल्या तिथे सप्लायरला फोन लावून त्याची खरडपट्टी काढली. तो पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "मॅडम, हातानं मोजा आणि मग शिव्या द्या."

ती जमिनीवर पोतं टाकून बसली. काकाही समोर येऊन बसले. दहा-दहाचे ढीग लावले. पाचशे. परत मोजले. पाचशेच! म्हणजे आपण एका भल्या माणसाला उगाच झापलं, आणि खोटं बोलत होता तो काटा. तिने पाच किलोचं प्रमाणित वजन काट्यावर ठेवलं. काट्याने पाच किलो दाखवलं, एका ग्रॅमचा फरक नाही. काटाही सज्जन निघाला. दीक्षाला आता रडू यायचं बाकी होतं.

"नमुना!" ती एकदम म्हणाली. "काका, नमुन्याचे दहा कुठले ठेवता तुम्ही?"

काकांनी रॅकच्या खिळ्यावरून लाल कापडाची पुरचुंडी काढली. प्रत्येक आयटमची अशी एक पुरचुंडी तिथे टांगलेली होती. दर वेळी दहा नग मोजत बसायला नको म्हणून काकांनीच ती सोय केलेली. दीक्षाने गाठ सोडायला हात घातला तसे काका मागे सरकले.

"तसं नगं, ताई. आदी चपला काढा. दसऱ्याला पुजल्याती त्या. काट्याची पूजा व्हती, तवा ह्यांचीबी व्हती."

"काका, तुमची नोकरी चालली आहे!"

"व्हय, पर चपला काढा."

तिने चपला काढल्या. दुसरं काय करणार? पुरचुंडीत दहा बुश होते, हळदीकुंकवाने माखलेले. कुंकवाचंच वजन असेल म्हणून तिने ते ओढणीने पुसले, आणि काकांनी डोळे मिटून घेतले. दहांचं वजन अडीचशे ग्रॅम. खोक्यातले दहा ठेवले. दोनशे चाळीस.

तिने एक जुना आणि एक नवा बुश उजेडात धरला. नव्याच्या आत तेल फिरायला बारीक खाच कोरलेली होती. जुना साफ गुळगुळीत. गेल्या वर्षीच्या मोजणीच्या जरा आधी ड्रॉइंग बदललं, खाच आली, बुशामागे एक ग्रॅम गेला. नंबर तोच राहिला. जुने बुश सगळे गाड्यांत बसून रस्त्याला लागले. उरले ते हे दहा, कारण ते पुजलेले होते आणि पुजलेलं कुणी बदलत नाही. काटा बिचारा प्रत्येक हलक्या बुशाला जड समजून वजन भागत होता आणि नग कमी सांगत होता.

"काका, चोरी झालीच नाही!" दीक्षा म्हणाली. काकांनी तिच्यापुढे हात जोडले.

नव्या दहांचा नमुना ठेवून सगळा माल परत तोलला. भरले सोळा हजार. चारशे चाळीस सापडलेच, वर दोनशे जास्त!

"आता हे कुठून आले?" दीक्षाने कपाळावर हात मारला. चूक सुधारली की हिशेब बरोबर यायचा सोडून उलटा वर चढतो म्हणजे काय! जास्त आलेल्याचंही कारण लिहावं लागतं, ते काही आकाशातून पडत नाहीत. ती पुन्हा चिठ्ठ्या उलगडायला लागली, तेव्हा काका हळूच म्हणाले, "दोनशे म्हनलात?"

"हो, दोनशे."

"कोंडाजीवर घातलं ते दोनशेच व्हतं."

दीक्षाचे हात थांबले. तिने कंप्युटर उघडला. गेल्या वर्षीच्या मोजणीला नवे बुश नुकतेच आले होते, फक्त पाच हजार. काट्याने, त्याच पुरचुंडीच्या जोरावर, चार हजार आठशे सांगितले. दोनशे नग चोरीला गेले म्हणून हिशेबाच्या पुस्तकातून वजा केले. माल मात्र रॅकवरच होता. म्हणून आज पुस्तकापेक्षा रॅक दोनशेने भारी. कोंडाजीने चोरलेले बुश वर्षभर इथेच होते, आणि आता मोजणीत हजर झाले होते.

काका पुरचुंडीकडे बघत बसले. ती त्यांनीच बांधलेली, त्यांनीच पुजलेली.

सिद्धेश सर खुशीत आले. "बघ, म्हणजे चोरी नाही! ऑडिटरसमोर इज्जत राहिली. दोनशे जास्तच्या पुढे लिही, जुना फरक समायोजित."

"नाही सर," दीक्षा म्हणाली. सकाळपासून साठलेला सगळा वैताग तिच्या आवाजात होता. "मी जे घडलं ते लिहिणार. मोजणीचा नमुना जुना होता, गेल्या वर्षी वजा केलेला माल स्टोअरमध्येच होता, आणि त्यासाठी काढलेल्या माणसाचं नाव कोंडाजी. सही माझी आहे."

 सर "लिही" म्हणाले आणि फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

ती स्टोअरमध्ये परतली तेव्हा काका हातात मोबाईल घेऊन उभे होते. नंबर त्यांनी वर्षभर जपला होता, लावला एकदाही नव्हता. "तुमी बोला, ताई," ते म्हणाले. दीक्षाने मान हलवली. हे काम तिचं नव्हतं.

काकांनी फोन लावला. पलीकडून कुणीतरी दोनदा "कोण?" म्हणालं.  काकांनी पाठ भिंतीला टेकवली.

"कोंडाजी, म्या गेनबा. आज परत मोजलं रं."