सुनेच्या बुरुजाचा डोळा

आमच्या धाकट्या ज्ञानेशचं लग्न झालं ते २०२३ साल. वैशाखात विजयश्री सून म्हणून घरात आली, आणि त्याच उन्हाळ्यात माझी नात स्वरूपा आणि अर्जुनरावांचा सुजित यांच्यात गढीवरून वाकडं आलं.

आमचं पिंपळदरे गाव चाकणच्या कारखान्यांना चिकटून आहे. गढीच्या एका अंगाला गोदामं, दुसऱ्या अंगाला कंटेनरची रांग. तरी रविवारी माणसं गढी बघायला येतात. ती येतात सुनेच्या बुरुजासाठी. गोष्ट अशी, की हा बुरूज बांधला की पावसाळ्यात पडायचा. शेवटी किल्लेदाराच्या स्वप्नात आलं, घरची सून दे. त्याने सुनेला बुरुजात जिवंत चिणलं. श्वासाला म्हणून एक भोक ठेवलं. त्याला आम्ही डोळा म्हणतो. त्या दिवसापासून बुरूज उभा आहे, आणि पावसाळ्यात सून डोळ्यातून रडते, असं सांगतात. गौरी जेवतात त्या दिवशी गावातल्या नव्या सुना डोळा पुसतात, म्हणजे चुना आणि खणाचा तुकडा यांचा गोळा करून त्या भोकात दाबतात, त्या सुनेचं रडणं थांबावं म्हणून. पहिला मान अर्जुनरावांच्या घराचा. चिणलेली सून त्यांच्या घरची, असं ते म्हणतात.

स्वरूपा राजगुरुनगरच्या कॉलेजात इतिहास शिकली. गढी दाखवायला तिने आणि सुजितने बरोबरच सुरुवात केली. ती सनावळ्या सांगायची, निजामशाही, मोगल, चौथाई. माणसं मान हलवायची आणि मोबाईल बघायची. सुजित बारावी नापास, पण तो डोळ्याला हात लावून आवाज खाली आणायचा, आणि बाया पदर तोंडाला लावायच्या. स्वरूपा लिंबाच्या झाडाआड उभी राहून त्याची गर्दी बघायची. घरी आली की जेवण नीट जायचं नाही. कढईला उलथनं लागलं तरी दचकायची. एकदा मला म्हणाली, आजी, तो खोटं रडतो आणि लोक खरं रडतात.

मग एका मोठ्या कंपनीने ठरवलं, की कामगारांच्या कुटुंबांना दर रविवारी बसने गढी दाखवायची, आणि त्यासाठी एकच गाइड ठेवायचा. दोघांनीही एकेक फेरी करून दाखवली. निवड सुजितची झाली. संध्याकाळी तो चहाच्या टपरीवर तिला भेटला आणि हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या गढीत दगड हायेत. माझ्या गढीत माणूस हाय."

ते वाक्य तिला लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती बुरुजाला जाऊन चिकटली. इतिहास कळावा म्हणून नव्हे. त्याची गोष्ट मोडावी म्हणून. मला पेटी उघडून दाखवल्यासारखं सगळं सांगायची, म्हणून मला माहीत.

पहिल्यांदा तिला दिसला एक उभा सांधा. भिंत एका दमात बांधली तर दगड एकमेकांत दात बसावेत तसे अडकतात, सांधा वर सरळ जात नाही. इथे बुरुजाच्या अर्ध्या अंगाला सांधा खालपासून वरपर्यंत सरळ होता. म्हणजे तेवढं अंग मागाहून बांधलेलं. त्या अंगातल्या एका दगडाला दाराच्या बिजागरीची खोबण होती, तीही उलटी. पडलेल्या कुठल्या दरवाजाचे दगड उचलून वापरलेले. तेव्हा बुरूज पडत होता, ही गोष्टीतली बाब खरी निघाली. त्यावर ती नाराजच झाली.

मग ती बुरुजाच्या माथ्यावर चढली. तिथे घाणेरी आणि धोतरा माजलेला. झुडपं काढल्यावर खाली फरशी लागली, सगळीकडून मधे उतरती, आणि मधोमध दगडी कुंडी. कुंडीच्या तळाला एक तोंड, जेमतेम हात जाईल एवढं. तिने बांबू घातला. तो तिरका खाली गेला आणि मऊ कशाला तरी लागून थांबला. दोरीला मोबाईल बांधून, त्याचा दिवा लावून आत सोडला, फोटो काढले. सगळीकडे घडीव पन्हळ, उतार बाहेरच्या बाजूला, डोळ्याकडे. मधे कुठे पोकळी नाही, खोली नाही. माणूस बसेल एवढी जागाच नाही.

आता बुरूज कसा असतो ते सांगते, तिनेच मला सांगितलेलं. बाहेरून दगड दिसतो, पण पोटात माती आणि मुरूम भरलेला असतो. पाऊस माथ्यावरून पोटात मुरतो. ओली माती फुगते, जड होते, आणि दगडाला बाहेर ढकलते. वाट नसली की बुरूज फुटतो. पहिला बुरूज म्हणूनच पडत होता. कोणातरी पाथरवटाने ते ओळखलं, आणि नवं अंग उचलताना पोटातून पाण्याला वाट काढून दिली. त्यानंतर बुरूज पडला नाही. जे श्रेय त्या पन्हळीचं, ते गावाने एका बाईच्या मरणाला दिलं.

खात्री करायला तिने नीळ आणली, कपड्याची. टपरीवाल्या ज्योतीरामकडून पाण्याचे कॅन वर नेऊन निळं पाणी कुंडीत ओतलं. डोळ्यातून काही आलं नाही. पिढ्यान् पिढ्या नव्या सुनांनी दाबलेला चुना आणि खण आत बूच होऊन बसला होता. सकाळी बघते तर डोळ्याच्या वर, डाव्या हाताला, सांध्यांतून निळे ओघळ. तिथले दगड थोडे पुढे आलेले. तिने वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला. पोट आलेलं दोरीवर स्पष्ट दिसत होतं. त्याच ओलीने डोळ्यावरचा शेंदराचा जुना पापुद्रा सुटून पडला. त्याखाली सुनेचा बांगड्या भरलेला हात कोरलाय असं आम्ही ऐकत आलो होतो. निघाला हातोडा, आणि शेजारी ओळंबा.

त्या दिवशी ती नाचतच घरी आली. मी म्हटलं, गावाला सांग. ती म्हणाली, सांगणारच, पण रविवारी.

रविवारी सुजितची बस आली. त्याने डोळ्याला हात लावला, आवाज खाली आणला, आणि स्वरूपा गर्दीतून पुढे झाली. सगळं सांगितलं, मोबाईलवरचे फोटो दाखवले, निळे डाग दाखवले. सांगून झाल्यावर म्हणाली की इथे कोणी मेलेलं नाही, ही मोरी आहे. लोक हसले. सुजितचा चेहरा उतरला. एका लहान मुलीने विचारलं, मग आपण मोरीच्या पाया पडलो का, आणि लोक आणखी हसले. मला तेवढं हसणं नको वाटलं.

अर्जुनराव तिथेच पारावर होते. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, त्याचं बरं चाललंय ते तुला बघवंना, व्हय?"

ती गप्प राहिली. तेही खरंच होतं. तेवढ्या एका गप्प राहण्याने तिचं बाकीचं सगळं खोटं ठरलं. गावात एकच बोलणं झालं, स्वरूपा जळते.

घरी मी तिला विचारलं, बुरूज खरंच पडेल का. ती म्हणाली, डोळा बंद राहिला आणि पाऊस जोरात झाला तर पडेल. उघडता येतो, पण तो उन्हाळ्यात उघडायचा, बुरूज कोरडा असताना, पोट आलेल्या जागी बाहेरून टेकू देऊन. आणि वरून, कुंडीकडून. खालून कधीच नाही, कारण मागे तुंबलेलं पाणी आणि चिखल एकदम सुटतो आणि सुटलेला दगड त्याच्यामागे येतो. मी म्हटलं, हे त्या दिवशी का नाही सांगितलंस. म्हणाली, विचारायला आले तर सांगीन.

ऑगस्ट कोरडाच गेला. लोक म्हणू लागले, कुठे पडला तिचा बुरूज. गौरी जेवल्या त्या दिवशी नव्या सुना निघाल्या, त्यात आमची विजयश्री. स्वरूपाने तिला दारातच अडवलं, काकू, तू नको दाबूस. विजयश्री बिचारी माझ्याकडे बघायला लागली. सगळ्या बाया बाहेर खोळंबल्या होत्या. ती गेली, आणि तिच्या हाताने आणखी एक गोळा आत गेला. मागोमाग पाऊस आला. गणपती बुडाले ते पावसातच.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आधी सुजित आमच्या अंगणात आला. भिजलेला होता. मला नमस्कार केला, विजयश्रीने दिलेला चहा घेतला, पावसाचं बोलला, शिफ्टच्या बसा कशा अडकल्या ते बोलला. मग स्वरूपा बाहेर आली तसा इकडेतिकडे बघत म्हणाला, "त्या मोरीचं बूच काढायचं झालं, तर कुठून काढत्यात गं?"

मला वाटलं आता ही सांगेल. तिला ते ओठावर आलेलं मी पाहिलं. पण तिने विचारलं, का रे, परवा बसवाल्यांना सांगायला हवंय का. तो ओशाळून हसला. म्हणाला, रविवारी खरा इतिहास दाखवतो म्हणून कंपनीला कळवलंय. तुझं शिक्षण हाय, तुला कुठंबी काम मिळल. मला हेच हाय.

स्वरूपा म्हणाली, "तू गोष्ट सांग, सुजित. इतिहास माझ्याकडे राहू दे."

आणि आत गेली. त्याने कप धुऊन कट्ट्यावर पालथा घातला, आणि गेला.

सकाळी पाऊस उघडला होता. ज्योतीराम टपरी उघडत होता, त्याने सुजितला पहार खांद्यावर घेऊन बुरुजाकडे जाताना पाहिलं. सुजित खालीच उभा राहिला, डोळ्यासमोर. वर कुंडी आहे हे त्याला माहीत होतं, पण बूच तिकडूनच काढायचं हे तिने माझ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. पहारीचे घाव ऐकू येत होते. मग ज्योतीरामला पाण्याचा आवाज आला, आणि त्यामागून दगडांचा. गोळे सुटले, मागचा चिखल सुटला, आणि डाव्या हाताचं आलेलं पोट त्याच्या अंगावर आलं.

पुढे जाणकार माणसं आली. त्यांनी उरलेल्या बुरुजाला टेकू दिले, आणि उन्हाळ्यात पन्हळ वरून मोकळी केली. आता पावसाळ्यात डोळ्यातून पाणी येतं आणि कोणी तो पुसत नाही. अर्जुनरावांनीच ते बंद करायला लावलं. कंपनीची बस आता स्वरूपाकडे येते. ती सांधा दाखवते, उलटी खोबण दाखवते, हातोडा आणि ओळंबा दाखवते, आणि बूच वरूनच काढायचं असतं हे दरवेळी न विसरता सांगते. माणसं ऐकून घेतात. मग कोणीतरी विचारतंच, तो मुलगा नेमका कुठे उभा होता. आणि सगळी तिला सोडून तिकडे वळतात, आवाज खाली आणतात. गावात काही बाया म्हणतात, सुनेने डोळा उघडणाऱ्याला नेलं.

परवा ती घरी आली आणि उलथनं आपटून म्हणाली, आजी, अजून त्याचीच गर्दी मोठी आहे. मी ताट वाढलं. जेवण तिने तसंच ठेवलं.

अर्जुनरावांचा मुलगा सुजित, वय चोवीस, सुनेच्या बुरुजाखाली दबून शनिवारी, ३० सप्टेंबर २०२३ रोजी सकाळी गेला.